मदत हवी आहे: रुब्रिकच्या गुणांवरून श्रेणी ठरवताना किमान पातळी कशी लावावी?

प्रयोग अहवालासाठी माझ्या रुब्रिकमध्ये 5 निकष आहेत, प्रत्येकाला 1 ते 4 पातळ्या. 3 म्हणजे 'अपेक्षेइतके'. आधी सरळ टक्केवारी काढत होते, पण सगळीकडे 2, म्हणजे 'थोडे कमी पडले', मिळवणारा 50 टक्क्यांवर येऊन जवळजवळ नापास दिसायचा. म्हणून आता बेरजेवरून श्रेणी देते: 18 ते 20 अ, 14 ते 17 ब, 10 ते 13 क, त्याखाली ड. हे बरे चालले आहे.

अडचण 'पुराव्यावर आधारित निष्कर्ष' या निकषाची आहे. माझ्या मते तो नसेल तर अहवालच उभा राहत नाही. एका विद्यार्थ्याला 4, 4, 4, 4 आणि इथे 1 मिळाला. बेरीज 17, श्रेणी ब! या निकषाचे वजन दुप्पट करून पाहिले, तर त्याचे 24 पैकी 18 झाले. सगळीकडे 3 मिळवणाऱ्याचेही नेमके तेवढेच. म्हणजे वजन वाढवून हा दोष झाकलेलाच राहतो.

मग अट घातली: इथे 3 नसेल तर श्रेणी क च्या वर नाही. आता 4, 4, 4, 4, 2 वालाही क, आणि 2, 2, 2, 2, 3 वालाही क. हेही पटत नाही.

रुब्रिक विद्यार्थ्यांना आधीच दिले आहे, त्यामुळे निकष बदलता येणार नाहीत. श्रेणीचे नियम अजून जाहीर केलेले नाहीत. एकदा पुनर्लेखनाची मुभा देता येते, पण शेवटी एकच श्रेणी नोंदवायची आहे.

तर 2 असेल तेव्हा फक्त एक श्रेणी खाली आणि 1 असेल तेव्हाच क ची मर्यादा, असे दोन टप्पे कोणी वापरले आहेत का? की किमान पातळी गाठेपर्यंत श्रेणी न देता अहवाल परत करणेच योग्य?