मदत हवी आहे: भाडेकराराच्या मशीन भाषांतरात ही चूक शैलीची की धोक्याची?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार मशीनने मराठीत करून माझ्याकडे तपासायला आलाय. एजन्सीची अट अशी की धोक्याच्या चुका दुरुस्त करा, शैलीला हात लावू नका. (पैसेही तेवढेच!)

काही ठिकाणी प्रश्नच नाही. मूळ करारात डिपॉझिट जागा सोडल्यापासून ३० दिवसांच्या आत परत द्यायचं आहे, मशीनने ‘३० दिवसांनंतर’ केलंय. वाक्य इतकं गुळगुळीत की मूळ शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. उलट ‘सदर जागेचा उपभोग घेण्यात येईल’ कानाला खुपतं, पण अर्थ शाबूत आहे, सोडून दिलं.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. जागा घेणारा सुरुवातीला ‘परवानाधारक’ आहे आणि पुढे मध्येच ‘भाडेकरू’ होतो. एजन्सी म्हणते, ही शैली. मला पटत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार परवान्याने जागेत हितसंबंध निर्माण होत नाही, भाडेकरूचं तसं नाही. उद्या वाद झाला तर तो हाच शब्द पुढे करेल ना?

कोर्टाची कामं करणाऱ्यांनी सांगा, ही गंभीर चूक म्हणून नोंदवू का? आणि ‘मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ असं कलम करारात असेल, तरी तुम्ही ती गंभीरच धरता?