वन्संना ओळखू येईल अशी कविता संग्रहात आहे, आधी दाखवू का?

ओलीमाती
माझा पहिला कवितासंग्रह छापायला जातोय, तीनशे प्रती. दुसरं प्रूफ हातात आहे आणि आता पोटात गोळा येतोय. चार कविता सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणातल्या आहेत. अंघोळ घालणं, बेडसोअर पुसणं, सुजलेल्या बोटातून कापून काढलेलं जोडवं, सगळं आहे. सासूबाई आता नाहीत. भीती आहे ती नणंदेची. एका कवितेत असं कडवं आहे:

*रविवारी येते लेक*
*अत्तराचा पदर घेऊन,*
*उंबऱ्यातूनच विचारते*
*जेवली का गं आई?*

पुढे त्यांचा एक व्हॉट्सॲप मेसेज जसाच्या तसा घेतलाय: 'डायपरचे पैसे दादाकडून घे, मला या महिन्यात नाही जमणार.' प्रकाशनाला घरचे सगळे येणार. वन्संना आधी दाखवावं, की थेट पुस्तकच हातात द्यावं? हे अजून नवऱ्यालाही दाखवलेलं नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

खडूवाले सर
टोपणनाव घ्या, विषय संपला. मराठीत टोपणनावांची केवढी परंपरा आहे! शिवाय गेलेल्या माणसाची बदनामी होत नसते, त्यामुळे कायद्याचीही काळजी नको.

शिळाप्रेस
सर, टोपणनावाने अनोळखी वाचक चकतो, नणंद नाही. पुस्तक कुणाचं आहे हे प्रकाशनाला आलेल्या प्रत्येकाला माहीत असणार.

ओलीमाती, मी बरीच वर्षं कवितासंग्रहांचं संपादन केलंय. लोक नावं बदलतात, गाव बदलतात आणि सुटलो म्हणतात. पण घरातलं माणूस नावावरून स्वतःला ओळखत नाही, फक्त घरातच माहीत असलेल्या एखाद्या तपशिलावरून ओळखतं. प्रूफवर पेन्सिल घेऊन त्या कवितेतल्या अशा प्रत्येक तपशिलाखाली रेघ मारा. मग एकेक झाकून कविता वाचा. झाकल्यावर कविता लंगडी झाली तर तो तपशील कवितेचा. काहीच बिघडलं नाही तर तो तुमच्या रागाचा.

तुम्ही दिलंय तेवढ्यावरून सांगते. जोडवं कवितेचं आहे, ते हलवू नका. रविवार काढून बुधवार केलात तरी काही साधणार नाही, कारण लेक एकच आहे. अत्तर मात्र मला खटकतं. तिथे लेक दिसत नाही, तिच्यावरचा शेरा दिसतो. 'उंबऱ्यातूनच' या एका शब्दाने ते काम आधीच केलंय.

मेसेजचा मामला वेगळा आहे. तो तुम्ही लिहिलेला नाही. अमेरिकन कवी रॉबर्ट लॉवेलने 1973च्या 'द डॉल्फिन' या संग्रहात घटस्फोटित पत्नी एलिझाबेथ हार्डविकच्या पत्रांतला मजकूर वापरला, तोही फेरफार करून. हस्तलिखित वाचून त्याची मैत्रीण एलिझाबेथ बिशपने त्याला आधीच बजावलं होतं, आणि तिचा मुख्य आक्षेप त्या फेरफारालाच होता. पुस्तकाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, पण त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही फेरफार केलेला नाही हे खरं, तरी दुसऱ्याचं वाक्य त्याला न विचारता छापू नये, असं माझं मत आहे.

बाराखडी
माझंही असंच झालं! कोजागिरीला गच्चीवर वडिलांवरची कविता वाचली. वडिलांनी दूध ओतून घेतलं आणि शांत बसले. मामा मात्र उठून गेले. त्यांना वाटलं 'उसने घेऊन न देणारा' म्हणजे तेच. मला त्यांचं उसन्याचं प्रकरण माहीतही नव्हतं. आई अजून म्हणते, तू मामाला बोलून दाखवलंस. यावर उपाय काय?

शिळाप्रेस
त्यावर उपाय नाही. जो ओळखेल म्हणून आपण घाबरतो तो बऱ्याचदा पान उलटून जातो आणि भलताच माणूस अडकतो. पण तुम्ही गच्चीवर सगळ्यांसमोर वाचलीत, तिथे थोडं चुकलं. समोरच्याला ऐकता ऐकता स्वतःचा चेहराही सांभाळावा लागतो.

काळाकोट
सरांच्या कायद्याच्या मुद्द्याबद्दल. मृत व्यक्तीची बदनामी होत नाही हे अर्धंच बरोबर आहे. जुन्या दंडसंहितेच्या 499 कलमाच्या पहिल्याच स्पष्टीकरणात मृताचा उल्लेख आहे, आणि जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 356 कलमातही तो आला आहे. ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता असा आरोप हवा, आणि जवळच्या नातलगांना दुखावण्याचा हेतू हवा. आजारपणाचं वर्णन हा आरोप नाही, त्यामुळे सासूबाईंबाबत मला धोका दिसत नाही. नणंद हयात आहेत, त्यांचं गणित वेगळं. दोन ओळींवरून कुणी कोर्टात जाईल असं वाटत नाही, पण मेसेजच्या शब्दांवर पहिला हक्क लिहिणाऱ्याचा असतो, हे लक्षात ठेवा.

रानवारा
सगळे मिळून कविता धुऊन काढताय. अत्तर काढा, मेसेज काढा, मग उरलं काय, श्रद्धांजली? ती बाई रविवारी यायची हे खरं असेल तर लिहावं. ज्याने सेवा केली त्यालाच वर परवानगी मागायला लावायची?

ओलीमाती
रानवारा, मनातलं बोललात. पण अत्तर झाकून वाचलं. शिळाप्रेसताई, काही बिघडलं नाही. उलट आधी वाचताना मीच तिथे थांबून खूश व्हायचे, ते आता होत नाही. ते काढतेय.

मेसेज काढला की मात्र कविता पडते. आणि वन्संना दाखवायचं तर कसं? फॅमिली ग्रुपवर पीडीएफ टाकू?

शिळाप्रेस
ग्रुपवर अजिबात नको. तिथे पहिलं उत्तर कुणाचं येतं त्यावर बाकीच्यांचा सूर ठरतो. अख्खं पुस्तकही नको, नाहीतर त्या बाकीच्या कवितांतही स्वतःला शोधत बसतील. ज्या पानांवर त्या आहेत तेवढीच छापून एकट्या असताना हातात द्या, आणि तुम्ही समोर बसू नका. सणावाराच्या गर्दीत नको. प्रूफ परत पाठवायच्या आधी निदान दोन आठवडे मिळू द्या. छपाई सुरू झाल्यावर विचारणं म्हणजे फक्त कळवणं, आणि तो फरक माणसाला लगेच कळतो.

'आवडली का' हे विचारू नका. विचारा: यात काही खोटं आहे का, आणि बाहेर जाऊ नये असं काही आहे का? मेसेजसाठी मात्र सरळ परवानगी मागा. 'नाही' म्हणाल्या तर मानावंच लागेल, म्हणून त्याच्याशिवायचा पर्यायी खर्डा आधी तयार ठेवा. पैशांची गोष्ट तुमच्या शब्दांत येऊ शकते. पडेल कदाचित, पण एकदा लिहून तर बघा.

पण त्याआधी नवरा. अंघोळीच्या कवितेत त्याच्या आईचं उघडं अंग आहे. वन्संच्या भीतीने तुम्ही त्यालाच विसरलात असं वाटतंय.

रानवारा, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. थांबणं हाही एक मार्ग आहे. अमेरिकन कवयित्री शेरॉन ओल्ड्सने स्वतःच्या घटस्फोटावरच्या कविता दहा वर्षं छापणार नाही असा मुलांना शब्द दिला होता. लग्न 1997ला मोडलं, संग्रह आला 2012ला. तिने कविता धुतल्या नाहीत, नुसत्या ठेवून दिल्या.

खडूवाले सर
पंधरा वर्षांनी प्रकाशक राहतोय का बघा!

ओलीमाती
ह्यांना काल रात्री अंघोळीची कविता दिली. वाचली आणि म्हणाले, पाठीवरचा तीळ डावीकडे होता, तू उजवीकडे लिहिलायस. छापू की नको यावर काहीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

वन्संसाठी पानं छापून ठेवलीत. मेसेजशिवायचा खर्डा दोनदा लिहिला, दोन्हीही तक्रारअर्ज वाटतात. कुणाला वेळ असेल तर इथे टाकू का?

शिळाप्रेस
टाका. फक्त आधी तीळ दुरुस्त करा.

रानवारा
मेसेजवालीही सोबत टाका, मी तिच्याच बाजूने बोलणार आहे.