अनुभव धागा: गरम पाण्याची लाईन – तांबं, प्लास्टिक की स्टील?

वेताळटेकडी

घरातल्या जुन्या जीआय लाईनी आतून गंजून बुजल्या आहेत, त्या बदलायच्या आहेत. बंगला पुण्यात, दुमजली, ऐंशीच्या दशकातला. गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे. तिथून तळमजल्यावरच्या शेवटच्या बाथरूमपर्यंत पाइप साधारण १४ मीटर भरतो. पाणी महापालिकेचं, पण उन्हाळ्यात बोअरचं मिसळावं लागतं.

तीन प्लंबर येऊन गेले. एक म्हणतो सीपीव्हीसी टाका, हल्ली सगळीकडे तेच आहे. दुसऱ्याला तांब्याशिवाय काही पटत नाही. तिसरा प्रेसफिट स्टीलचं पत्रक ठेवून गेला. दर मी काढीन. मला हवेत ते वापरणाऱ्यांचे अनुभव: पाइप कुठला, पाणी कसलं, तापवता कशावर, आणि गळलं असेल तर नेमकं कुठे गळलं. ज्यांचं काहीच बिघडलं नाही त्यांनीही लिहा, कारण तेही कळायला हवं.

मृण्मयी_सातारा

आमच्याकडे सोलर आणि सगळी लाईन सीपीव्हीसीची. भिंतीतल्या पाइपाला आजवर काही झालेलं नाही. त्रास झाला तो गच्चीवर, टाकीतून निघणाऱ्या पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये. मे महिन्यात आम्ही गावी गेलो की पाणी वापरलं जात नाही, आणि टाकी दिवसागणिक तापत जाते. परत येऊन नळ उघडला की आधी वाफ फुसफुसते, मग पाणी येतं. त्या उन्हाळ्यानंतर दोन क्लॅम्पांच्या मध्ये पाइप लोंबलेला दिसला, आणि एल्बोच्या कडेला पांढरे थेंब वाळलेले. तेवढा तुकडा तांब्याचा करून घेतला, वर इन्सुलेशन चढवलं. बाकी लाईन तशीच ठेवली आहे आणि ती उत्तम चालते.

प्रेशर_टेस्ट

इमारतींच्या प्लंबिंगचं डिझाइन करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मृण्मयीताईंनी लिहिलं तेच मुख्य आहे. पाइपाची जात ठरवण्याआधी त्या जागी पाणी जास्तीत जास्त किती तापू शकतं ते विचारा. इलेक्ट्रिक गीझरचा थर्मोस्टॅट ६०-७० अंशांवर पाणी थांबवतो. सोलरला तसा थांबा नसतो. एव्हॅक्युएटेड ट्यूबचा सोलर उन्हाळ्यात न वापरता राहिला तर पाणी उकळीला येतं. सीपीव्हीसीची मर्यादा ९३ अंश धरतात, पण तिथे पोचेपर्यंत त्याची ताकद बरीच उतरलेली असते. ८२ अंशांना तो जेवढा दाब पेलतो तो साध्या तापमानाच्या पाव भागाएवढाच. दुमजली घरात गच्चीवरून येणारा दाब जेमतेम पाऊण बार, त्यामुळे पाइप फुटत नाही, मऊ पडून लोंबतो आणि ताण सांध्यावर येतो. आडव्या गरम लाईनला पाऊण मीटरवर आधार हवा. आपल्याकडे गार लाईनच्या सवयीने दीड मीटरवर क्लॅम्प मारतात.

आता वेताळटेकडी, तुमच्या १४ मीटरचा हिशेब. थंडीत पहाटे पाइप २० अंशांवर असेल, दुपारी ८५. म्हणजे ६५ अंशांचा फरक. तेवढ्यात तांबं किंवा स्टील साधारण १५-१६ मिलिमीटर वाढेल, सीपीव्हीसी जवळजवळ ६० मिलिमीटर, आणि साधा पीपीआर १३५ च्या आसपास. ही वाढ एका सरळ दांड्यात होत नाही, वळणांत वाटली जाते. पण जिथे प्लंबरने दोन्ही टोकं सिमेंटमध्ये घट्ट गाडली तिथे ती एल्बोवर जाते. म्हणून गच्चीवरून उतरणाऱ्या उभ्या लाईनला मध्ये एक यू वळण द्या, आणि क्लॅम्प असा घ्या की पाइप त्यातून सरकेल.

गळतीची वेळही बरंच सांगते. पितळी आटे असलेल्या सीपीव्हीसी सांध्यातून पाणी बहुधा लाईन गार असताना झिरपतं आणि गरम झाल्यावर थांबतं, कारण दोन पदार्थ सारखे आकसत नाहीत. सकाळी ओल दिसते, प्लंबर दुपारी येतो तेव्हा सगळं कोरडं. तिथे सफेदा आणि सुतळी अजिबात नको, फक्त टेफ्लॉन टेप. सफेद्यातलं तेल सीपीव्हीसीला तडे पाडतं.

आणि एक जागा जवळपास सगळेच विसरतात: सोलरच्या टाकीला गार पाणी देणारी लाईन. ती ‘गार’ म्हणून युपीव्हीसीची टाकतात. टाकीतलं गरम पाणी त्या पाइपात मागे सरकतं, आणि युपीव्हीसी ६० अंशांना मऊ पडायला लागतो. त्या लाईनचा शेवटचा दीड मीटरही धातूचाच घ्या.

सुहास_ठाणे

इतका खल कशाला? स्टेनलेस स्टील टाका आणि विसरून जा. आमच्या सोसायटीत प्रेसफिट घेतलं, आग नाही, सोल्युशन नाही, मशीनने दाबलं की झालं. स्टीलला गंज लागत नाही. फक्त ३१६ ग्रेडचं स्टील आहे का ते चुंबक लावून बघा. चिकटलं नाही की ३१६.

सोलापूरची_अनघा

सुहासजी, चुंबकाची गोष्ट अर्धीच खरी आहे. ३०४ लाही चुंबक चिकटत नाही आणि स्वस्तातल्या २०२ लाही नाही. चिकटलं तर माल हलका आहे एवढं कळतं, न चिकटल्याने ३१६ ठरत नाही. आम्हाला पुढे एका फॅब्रिकेटरने मॉलिब्डेनमचा थेंब टाकून तपासून दिलं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये नसतं, त्यामुळे थेंबाचा रंग वेगळा येतो.

आमचं बोअर खारं आहे. गरम लाईन ३०४ ची होती. गंज मधल्या पाइपावर कुठेच नव्हता, तो आला सांध्याच्या कडेला, जिथे पाइप फिटिंगमध्ये शिरतो त्या बारीक फटीत. आधी तपकिरी ओघळ, मग सुईच्या टोकाएवढं भोक. पाणी तपासलं तेव्हा क्लोराइड लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर निघालं. नुसता टीडीएस बघून हे कळत नाही, क्लोराइड वेगळं मागून घ्या. ३०४ साठी गार पाण्यातसुद्धा २०० च्या आत असलेलं बरं, गरम पाण्यात त्याहून कमी. आणि बाथरूमच्या फरशीला बाजारातलं ॲसिड वापरत असाल तर उघड्या स्टील पाइपाच्या आसपास ते नको. त्याची वाफसुद्धा स्टीलला डाग पाडते.

आंबोलीचा_पाऊस

सावंतवाडीजवळ घर, पाणी विहिरीचं, गीझर साधा इलेक्ट्रिक. बांधताना हौसेने गरम लाईन तांब्याची केली. बेसिनमध्ये नळाखाली निळसर-हिरवा डाग यायला लागला, घासला तरी परत यायचा. पाणी तपासलं तर पीएच ६ च्या खाली. जांभ्या दगडातून येणारं आमचं पाणी मऊ आणि आंबट असतं, ते तांबं हळूहळू विरघळवतं. रात्रभर लाईनमध्ये उभं राहिलेलं पहिलं पाणी सगळ्यात वाईट. आता विहिरीवर कॅल्साइटची टाकी बसवली आहे. पीएच ७ च्या वर आल्यावर डाग थांबले. आमच्या भागात पुन्हा बांधायचं झालं तर मी सीपीव्हीसीच घेईन. इथे तांबं पैशांचं नाही, पाण्याचं दुखणं आहे.

नानासाहेब_वाई

तांब्याबद्दल असं लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता, माझ्या आजोबांपासून सगळे त्यातलं पाणी वापरत आले. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिणं चांगलं असं सगळेच सांगतात. मग गरम पाण्याची लाईन तांब्याची केली तर सकाळी नळाचंच कोमट पाणी प्यायला काय हरकत?

प्रेशर_टेस्ट

नानासाहेब, बंबातलं पाणी अंघोळीला होतं. गरम पाणी कुठल्याही धातूतून आणि फिटिंगमधून जास्त उचलतं, शिवाय गीझरच्या टाकीत गाळ साचतो. पिण्याचं पाणी गार लाईनमधूनच घ्या आणि चुलीवर तापवा. तुमचं वाईचं पाणी कदाचित तांब्याला चालेलही. पीएच आणि क्लोराइड बघितल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही.

एडिसनची_मावशी

न्यू जर्सीत राहते. घर जुनं, सगळं तांबं, बरीच वर्षं नीट चाललं. मग नळाला लगेच गरम पाणी यावं म्हणून आधीच्या मालकांनी फिरता पंप बसवला, तो दिवसरात्र चालू. बेसमेंटमधल्या एल्बोंच्या लगेच पुढे बारीक भोकं पडली. कापून आतून पाहिलं तर एल्बोपुढचा भाग घासून चकचकीत झालेला आणि पाइप कापताना राहिलेली धार तशीच. प्लंबरच्या म्हणण्याप्रमाणे गरम पाणी सतत वेगाने फिरत राहिलं की तांब्याचं आतलं संरक्षक आवरण निघून जातं. पंपाला टायमर लावला, खराब भाग पेक्सचा, म्हणजे लवचिक प्लास्टिक पाइपाचा केला. पेक्सची गुंडाळी असते, भिंतीत सांधे जवळजवळ नाहीत, हे मला फार आवडलं. तुमच्याकडे चांगले कारागीर मिळतात का ते माहीत नाही.

नागपूरचा_उन्हाळा

पीपीआरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. पाइप चांगला आहे, सगळा खेळ वेल्डिंगचा. मशीन २६० अंशांवर, २० मिलिमीटरच्या पाइपाला ५ सेकंद तापवायचं. आमच्याकडच्या मुलाने पक्कं व्हावं म्हणून बराच जास्त वेळ धरलं. वितळलेलं प्लास्टिक आत वळून भोक निम्मं झालं. गळती कुठेच नाही, पण वरच्या मजल्यावर शॉवरला धार नाही. दोन सांधे कापून पाहिले तेव्हा कळलं. आता काम सुरू करायच्या आधी एक नमुना सांधा करायला लावा, तो उभा चिरून बघा. आणि उघड्या उन्हात साधा पीपीआर ठेवू नका.

वेताळटेकडी

सगळ्यांचे आभार. पाण्याचा नमुना पीएच, क्लोराइड आणि कठीणपणा या तिन्हींसाठी प्रयोगशाळेत दिला आहे, बोअरचा वेगळा आणि नळाचा वेगळा. सध्या विचार असा: गच्चीवरचा भाग आणि टाकीची गार लाईन, दोन्ही तांब्याची. खाली उतरण्याआधी टेम्परिंग व्हॉल्व्ह, म्हणजे घरात ६० च्या वर पाणी जाणारच नाही. पुढे आयएस १५७७८ चा शिक्का असलेला सीपीव्हीसी. अजून एक प्रश्न: मुख्य लाईन पाऊण इंची की अर्धा इंची? पहिलं गार पाणी किती वाया जाईल?

प्रेशर_टेस्ट

पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरला पाव लिटर पाणी मावतं, अर्धा इंचीत त्याच्या निम्म्याहून थोडं कमी. १४ मीटरला साडेतीन लिटर विरुद्ध पावणेदोन. पण गच्चीच्या सोलरला दाब कमी, तेव्हा तीन बाथरूमसाठी मुख्य लाईन पाऊणच ठेवा, बाथरूमच्या फांद्या अर्धा इंची करा. इन्सुलेशन भिंतीतही घ्या. आणि टेम्परिंग व्हॉल्व्ह कमी दाबावर चालणारा आहे ना ते आधी विचारा, बरेचसे व्हॉल्व्ह पंपाच्या दाबासाठी असतात आणि गच्चीच्या दाबावर धार अगदी बारीक होते. टाइल्स लावण्याआधी लाईन कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासा, मग सोलरचं गरम पाणी सोडून गार होऊ द्या आणि परत बघा.

सुहास_ठाणे

३०४ चं पटलं. पण ३१६ प्रेसफिट भिंतीत गाडायला काय हरकत आहे?

प्रेशर_टेस्ट

पाइपाला हरकत नाही. प्रश्न सांध्यातल्या रबरी रिंगचा आहे. ती ईपीडीएमची असते आणि गरम पाण्यासाठीच बनवलेली. तरी मी भिंतीत सांधा शक्यतो ठेवत नाही, उघड्या शाफ्टमध्ये ठेवतो. माझे काही सहकारी बिनधास्त गाडतात आणि त्यांच्या इमारतींत अजून तक्रार नाही. कुणाकडे गाडलेलं प्रेसफिट जुनं झालेलं असेल तर जरूर लिहा.