मदत हवी आहे: ‘म्हणजे’ निष्कर्षाचं की स्पष्टीकरणाचं?

मराठी बातम्यांमध्ये वाक्यसंबंधांची खूण करतोय, दोन वाक्यांच्या प्रत्येक जोडीला एकच लेबल. ‘दिवा लागलाय. म्हणजे ते घरी आहेत’ हा सरळ निष्कर्ष. दिव्यामुळे कोणी घरी येत नाही, म्हणून कारण-परिणामाचं साधं लेबल इथे चालत नाही. ‘तो शाकाहारी आहे. म्हणजे मांस-मासे खात नाही’ हे स्पष्टीकरण.

अडतंय ते इथे: ‘बैठक पुढे ढकलली. म्हणजे निर्णय आज होणार नाही.’

‘यावरून’ घातलं तरी चालतं, ‘दुसऱ्या शब्दांत’ही ओढूनताणून बसतं. ‘बहुतेक’ घालून पाहिलं. निष्कर्षात ते खपतं, स्पष्टीकरणात खटकतं. पण इथे खपलं तरी वाक्याचा ठामपणाच बदलतो, त्यामुळे त्या कसोटीवर माझा भरवसा नाही. संदर्भासाठी आधीची दोन वाक्यं दिसतात, दोन लेबलं देता येत नाहीत.

मूळ वाक्याचा ठामपणा न बदलता हे दोन संबंध वेगळे करणारी कसोटी कोणती?