मदत हवी आहे: दहावी गणिताच्या नव्या बॅचचं ३० सेकंदांचं रील

फोंड्यातल्या आमच्या क्लासच्या रीलसाठी मजकूर लिहिलाय, पण तो ८० शब्दांवर गेलाय. निवांत बोललं तर ३० सेकंदांत साधारण ६० ते ६५ शब्दच बसतात. घाईत वाचलं की नेमकी वेळ आणि फी कळत नाही, मग पालक तेच फोनवर विचारतात.

सध्याचा आराखडा असा. पहिली ३ सेकंदं उत्तरपत्रिकेवर कॅमेरा: ‘उत्तर बरोबर, तरी गुण का गेले?’ मग १५ व्या सेकंदापर्यंत: ‘पायऱ्या गाळल्या म्हणून. दर शनिवारी पेपर घेतो आणि सुटलेली पायरी पालकांना दाखवतो.’ पुढे २५ व्या सेकंदापर्यंत मुलांची संख्या, वेळ, फी. शेवटी: ‘दोन दिवस मुलाला बसवून बघा, मग ठरवा.’

‘नापास होईल’ अशी भीती मुद्दाम टाळलीय. आधीच धास्तावलेले पालक ती ऐकून पुढे सरकवतात.

दोन शंका आहेत. फी बोलून सांगावी, की फक्त पडद्यावर लिहावी? लिहिली तर मध्यावर लिहिणार, खाली ती कॅप्शनखाली झाकली जाते. आणि पहिलं वाक्य कोंकणीत घेतलं तर इथल्या पालकांना जास्त जवळचं वाटेल का?