ब्रिटनमधली कपड्यांची कुपनं: युद्धाला मदत की नुसता देखावा?

सागर_प: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने लोणी-साखरेवर रेशन लावलं ते समजतं, जहाजं कमी पडत होती. पण कपड्यांवर कशाला? शर्ट कमी घेतल्याने हिटलर कसा हरतो? मला तरी हा लोकांचं मनोबल टिकवण्याचा देखावा वाटतो.

मंदार: अगदी बरोबर. तसंच १९४० मध्ये बायकांकडून अॅल्युमिनियमची भांडी मागवली आणि त्यांची विमानं झाली म्हणतात. सगळा प्रचार.

वसुधा जोशी: भांड्यांचा किती उपयोग झाला यावर वाद आहे, ते मान्य. कपड्यांचं तसं नाही. १ जून १९४१ ला योजना जाहीर झाली. आधी सुगावा लागला असता तर दुकानं एका दिवसात रिकामी झाली असती, म्हणून नवी कुपनं आधी वाटलीच नाहीत. लोकांच्या रेशनबुकात आधीपासून असलेली मार्गारिनची जादा कुपनं कपड्यांसाठी चालवली. माणशी वर्षाला ६६ कुपनं. पुरुषाच्या तीन तुकड्यांच्या लोकरी सुटालाच २६ जात. पैसे द्यायचे ते वेगळेच.

आता खरी गोष्ट. दुकानदाराने गोळा केलेली कुपनं घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून कारखान्याकडे जात, तेव्हा कुठे नवा माल मिळे. म्हणजे मागणी बांधली गेली. त्याच वर्षी सरकारने उद्योग मोजक्या गिरण्यांत एकवटायला लावले, बाकीच्या बंद करून तिथली माणसं आणि जागा दारूगोळ्याच्या कामाला घेतली. मागणी मोकळी सोडली असती तर भाव भडकले असते आणि तेच कामगार जास्त पगारासाठी कापडाकडे ओढले गेले असते. शर्टाचा युद्धाशी संबंध तो हा.

रमेश कुलकर्णी, ठाणे: आमची आजी मुंबईच्या १९४३ च्या रेशनच्या रांगेबद्दल सांगायची. धान्यात खडे असत, पण मिळे तरी. बंगालमध्ये माणसं मेली. तेव्हा इंग्रजांच्या नियोजनाचं फार कौतुक नको.

वसुधा जोशी: रमेशराव, कौतुक नाही करत आहे. कलकत्त्यात रेशन १९४४ च्या सुरुवातीला आलं, दुष्काळाचा कहर होऊन गेल्यावर. स्वतःच्या घरी जे जमलं ते इथे वेळेवर केलं नाही, याचा मलाही राग आहे.

मंदार: तरी समानता कुठे होती? ज्याच्या कपाटात आधीच वीस सूट, त्याला ६६ कुपनं आणि ज्याच्याकडे एकच फाटका कोट, त्यालाही ६६.

वसुधा जोशी: हा मुद्दा बिनतोड आहे. श्रीमंताचा कपडा टिकाऊही असतो, त्यामुळे त्याची कुपनं जास्त पुरत. गरीब घरांत पैशांअभावी कुपनं शिल्लक राहत आणि ती चोरून विकली जात.

सागर_प: मग काळाबाजार रोखायला दुकानदारावर नजर कोण ठेवायचं? कुपनं मोजणार किती जण?