गणपतीचं पोस्टर : डिझायनरला द्यायचं ब्रीफ (मसुदा, सूचना कळवा)

मृणाल (कार्यवाह)

मंडळी, नमस्कार.

यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबर 2026 ला येते. आपला हॉलमधला कार्यक्रम त्यानंतरच्या शनिवारी, 19 तारखेला. पोस्टर या वेळी फ्रीलान्स डिझायनरकडून करून घ्यायचं समितीत ठरलं आहे. तिचं काम मला फार आवडलं. मात्र ती जर्मन आहे, देवनागरी तिला वाचता येत नाही. मसुदा असा:

वाचक: सगळे भारतीय आणि जर्मन मित्र. आकार: A3. रंग: केशरी, लाल, पिवळा, पारंपरिक पण मॉडर्न. मजकूर: कार्यक्रमपत्रिका, समितीची नावं, प्रायोजकांचे लोगो, आरतीची वेळ, जेवणाचा मेनू. मुदत: ऑगस्टअखेर.

काय राहिलं ते सांगा.

श्रीकांत काका

मृणाल, छान. एकच भर घाल: फाईल 300 dpi ची हवी, म्हणजे छपाई फाटत नाही. मंडळाचा लोगो मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय, तोच तिला पाठव.

पराग

पोस्टरसोबत ढोल पथकाचे टी-शर्टही करून घेता येतील का? मागच्या वेळी आम्ही इथेच छापून घेतले आणि ‘मित्र’ या शब्दाची पार वाट लागली. पहिली वेलांटी म सोडून त वर जाऊन बसली, त्र फुटून पाय मोडलेला त आणि शेजारी सुटा र. फॉन्ट खराब होता. म्हणून म्हणतो, या वेळी चांगला फॉन्ट विकत घेऊ या.

अनघा

मृणाल, टी-शर्टचं काम वेगळं ठेव, नाहीतर दोन्ही रखडतील. पण परागने जे सांगितलं तेच या ब्रीफमधलं सगळ्यात मोठं कलम आहे.

पराग, दोष बहुतेक फॉन्टचा नव्हता. देवनागरीत पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसते आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरं जुळवणं सॉफ्टवेअरला करावं लागतं. युरोपातल्या डिझायनरचं सॉफ्टवेअर अनेकदा फक्त रोमन लिपीच्या मांडणीवर लावलेलं असतं. उत्तम फॉन्ट दिला तरी अक्षरं फुटतात, आणि तिला वाचता येत नसल्यामुळे फुटलेली कळतही नाहीत. InDesign वापरत असेल तर परिच्छेदाच्या मेनूत `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडायला सांग. फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. मुक्त, बलू किंवा तिरो देवनागरी मराठी हे गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. तिरोची मराठी आवृत्ती मुद्दाम सुचवते, कारण त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत.

काम सुरू होण्याआधी तिला एक ओळ पाठव आणि फक्त तेवढ्या ओळीची PDF मागव:

मित्रांसह या, दुसऱ्या मजल्यावर मूर्ती रंगवा!

यात वेलांटी, त्र, ऱ्या आणि रफार सगळे आले. ही ओळ नीट आली तर बाकी मजकूर येईल. शिवाय एक सक्त सूचना: मराठी अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही. रोमन शीर्षकात ते छान दिसतं, आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात.

काका, 300 dpi बरोबर आहे, पण तो आकडा मापाशिवाय अपुरा आहे. तुम्ही टाकलेला लोगो मी उघडून पाहिला, रुंदी 400 पिक्सेल. 300 dpi ने तो छापला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर होतो. त्याहून मोठा केला की कडा फाटणारच. आकडा बदलून तपशील वाढत नाही. मूळ व्हेक्टर फाईल कोणाकडे असेल तर शोधा.

आता वाचक. ‘सगळे’ लिहिलं की डिझायनरला काहीच ठरवता येत नाही. पोस्टर लागणार कुठे? भारतीय किराणा दुकानांच्या काचेवर आणि वाचनालयाच्या फलकावर. आपल्या सभासदांना मेलने कळतंच. म्हणजे पोस्टर आहे ते नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी आणि कुतूहल असलेल्या शेजाऱ्यांसाठी. मग मोठं शीर्षक मराठीत, तारीख-वेळ-पत्ता जर्मनमध्ये, आणि इथे वाढलेल्या मुलांनाही वाचता येईल असं. मेनू आणि समितीची नावं काढ, ती मेलमध्ये जाऊ देत. काचेसमोरून जाणाऱ्याला तीन मीटरवरून सण, तारीख आणि जागा कळली पाहिजे.

रंगांबद्दल: स्क्रीनवरचा झगझगीत केशरी चार रंगांच्या छपाईत मंद पडतो. तो तिला आधीच छपाईच्या रंगात निवडू दे. केशरीवर पिवळी अक्षरं नकोत, लांबून दिसतच नाहीत. मी गडद जांभळट लाल पार्श्वभूमी आणि झेंडूचा एकच पिवळा सुचवेन. ‘पारंपरिक पण मॉडर्न’ याऐवजी आवडलेली दोन पोस्टरं जोड आणि प्रत्येकात काय आवडलं ते एका ओळीत लिही.

श्रीकांत काका

अनघा, लोगोचं समजलं, माळ्यावरच्या जुन्या डिस्कमध्ये बघतो. पण प्रायोजकांना आपण पोस्टरवर जागा देऊ असं सांगितलं आहे. आठ लोगो आहेत. ते वगळता येणार नाहीत. आणि ऑगस्टअखेरची मुदत मला ठीक वाटते, छापायला कितीसा वेळ लागतो?

अनघा

छापायला आठवडा धरा. पण पोस्टर कार्यक्रमाआधी चार आठवडे लागलं पाहिजे, आणि ऑगस्टमध्ये इथे निम्मं शहर सुट्टीवर असतं. उलट मोजा: 22 ऑगस्टला भिंतीवर, 14 ला छापखान्यात, 31 जुलैला पहिला मसुदा. म्हणजे मजकूर 17 जुलैला पक्का. त्यानंतर एकही शब्द बदलायचा नाही, कारण तिच्यासाठी प्रत्येक मराठी बदल म्हणजे न वाचता येणारी चित्रं हलवणं.

लोगोंबाबत माझं मत वेगळं आहे. आठ रंगीत लोगो खाली लावले की नजर तिकडेच जाते. एका रंगात, एका पट्टीत, तळाच्या दहाव्या हिश्शात बसले तर चालतील. प्रायोजक एकरंगी लोगो मान्य करतील का, ते तुम्हीच विचारा.

मृणाल

सगळं धरून पुन्हा लिहिलं आहे. याचंच जर्मन भाषांतर जाईल:

“हे पोस्टर शहरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी आहे, ते दुकानाच्या काचेवर तीन मीटरवरून वाचता यावं. A3 उभं, 297 × 420 मिमी, चारही बाजूंना 3 मिमी जादा. त्याच चित्रातून फोनसाठी 1080 × 1350 पिक्सेलची वेगळी मांडणी हवी, छोटी केलेली A3 नको. क्रम: मराठी शीर्षक, गणपती, तारीख-वेळ, पत्ता, नोंदणीचा क्यूआर कोड. पार्श्वभूमी गडद लाल, अक्षरं पांढरी, झेंडूचा पिवळा फक्त सजावटीला. मराठी मजकूर युनिकोडमध्ये देत आहोत. सुरुवातीला चाचणीच्या ओळीची PDF पाठवावी. पहिला मसुदा 31 जुलै, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, अंतिम फाईल 13 ऑगस्ट. गणपतीचं चित्र स्वतः काढलेलं किंवा परवाना घेतलेलं असावं. छपाईची PDF आणि मूळ फाईल दोन्ही हव्यात. तारीख बदलून पुढच्या वर्षी वापरण्याची परवानगी दरपत्रकात धरावी.”

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. जर्मनीत चित्राचा मूळ हक्क काढणाऱ्याकडेच राहतो, आपल्याला वापराचा हक्क तेवढा मिळतो. तो किती, हे आधीच लिहून घ्यावं लागतं.

सूचना सगळ्यांनी मलाच पाठवा, मी एकत्र करून तिला एकच मेल करेन. मराठी तपासणी अनघाताई आणि पराग, दोघांनी वेगवेगळी. काका, प्रायोजकांचं उत्तर येईपर्यंत तळाची पट्टी रिकामी ठेवायला सांगते.

पराग

चालेल. मूर्ती रंगवण्याचा कार्यक्रम मात्र तळमजल्यावर आहे, चाचणीच्या ओळीतला दुसरा मजला खऱ्या मजकुरात जाऊ देऊ नका.